एकूण टक्का एका बाजूला, गटांचे टक्के दुसऱ्या बाजूला: थिसिसच्या चर्चेत हे कसं लिहायचं

थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. या वर्षी तो नेरूळहून आला. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी ठाण्याची लोकल पकडून नौपाड्यात माझ्या घरी आली. पिशवीत मास्टर चार्टचा प्रिंट होता आणि गाइडनी लाल पेनाने गोल केलेली दोन पानं होती. गुडघ्याच्या संधिवातासाठी केंद्रावर येऊन केलेले व्यायाम आणि घरी केलेले व्यायाम यांची तिने तुलना केली होती. तक्ता ५ मध्ये घरी व्यायाम करणाऱ्यांत सुधारलेल्यांचा टक्का जास्त होता. तक्ता ९ मध्ये एक्स-रेवरून केलेले सौम्य आणि तीव्र असे दोन गट होते, आणि त्या दोन्ही गटांत केंद्रावर येणाऱ्यांचा टक्का जास्त होता. गाइडनी समासात एवढंच लिहिलं होतं, "परस्परविरोधी. दुरुस्त करा."

"मॅडम, यातला चुकीचा तक्ता कोणता?" तिने विचारलं.

दोन्ही तक्ते बरोबर होते. मी स्वतः मास्टर चार्टवरून ते पुन्हा मोजून पाहिले. चूक चर्चेच्या प्रकरणात होती. तिथे तिने लिहिलं होतं: "एकूण रुग्णांत घरच्या व्यायामाचा गट सरस ठरला. मात्र उपगटांत विरुद्ध निकाल मिळाला. नमुना लहान असल्यामुळे असं झालं असावं. यावर अधिक संशोधनाची गरज आहे." ही चार वाक्यं शब्दांच्या थोड्याफार फरकाने मी इतक्या थिसिसांत वाचली आहेत की आता ती पाठ झाली आहेत. त्यातलं तिसरं वाक्य सरळ चूक आहे. तिथूनच सुरुवात करते.

नमुना लहान असल्यामुळे निकाल असा उलटत नाही. पटत नसेल तर तुमच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा दहाने गुणा. रुग्ण दहापट होतील, टक्के तेच राहतील आणि विरोधही तसाच राहील. लहान नमुन्यात आकडे डळमळीत होतात आणि त्यांच्याभोवतीची अनिश्चितता वाढते, हे खरं. पण एकूण निकाल आणि गटांचे निकाल विरुद्ध दिशांना जाण्याचं कारण रुग्णांची संख्या नसून त्यांची वाटणी आहे. कोणत्या उपचाराकडे कोणते रुग्ण किती प्रमाणात गेले, त्यावर सगळं ठरतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे "उपचाराचा परिणाम वेगवेगळ्या गटांत वेगवेगळा आहे" असं लिहिणं. हे वाचायला शास्त्रीय वाटतं, म्हणून ते खपून जातं. पण स्वतःचाच तक्ता पुन्हा पाहा. सौम्य गटात केंद्र पुढे आहे आणि तीव्र गटातही केंद्रच पुढे आहे. दोन्ही गट एकच गोष्ट सांगताहेत. वेगळं बोलतेय ती फक्त बेरीज. गटागटांत परिणाम वेगळा असणं हा निराळा प्रश्न आहे, त्याची चाचणी निराळी आणि चर्चेतली भाषाही निराळी. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की तोंडी परीक्षेत परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

या प्रकाराला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांचा लेख १९५१ चा आहे. उडनी यूल यांनी असाच प्रकार १९०३ मध्येच दाखवला होता, आणि सिम्प्सन यांचं नाव त्याला १९७२ मध्ये कॉलिन ब्लाइथ यांनी दिलं. थिसिसमध्ये एवढा इतिहास पुरतो. मात्र "हा सिम्प्सनचा विरोधाभास आहे" असं लिहून थांबू नका. नाव घेतल्याने कारण सांगितल्यासारखं होत नाही.

आधी खात्री करा की विरोध खरा आहे

चर्चा लिहायच्या आधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. प्रत्येक उपचारगटात सौम्य आणि तीव्र रुग्णांचा वाटा किती, हे मोजा. तो वाटा दोन्ही उपचारांत सारखाच असेल, उदाहरणार्थ दोन्हीकडे साठ टक्के सौम्य आणि चाळीस टक्के तीव्र, तर टक्क्यांमध्ये असा उलटा निकाल येऊच शकत नाही. तेव्हा एकूण फरक हा दोन गटांतल्या फरकांची भारित सरासरी असतो, आणि दोन्ही फरक एकाच बाजूचे असतील तर त्यांची सरासरी दुसऱ्या बाजूला जाणार नाही. म्हणजे वाटा सारखा असूनही तुमचे तक्ते भांडत असतील, तर हिशोबात चूक आहे.

ही चूक बहुधा दोनपैकी एका ठिकाणी सापडते. एक, एसपीएसएसच्या क्रॉसटॅबमध्ये एका तक्त्याला `Row` टक्के आणि दुसऱ्याला `Column` टक्के घेतलेले असतात. "सुधारलेल्यांपैकी किती जण केंद्राचे" आणि "केंद्राच्या रुग्णांपैकी किती सुधारले" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याला दुसरा हवा आहे. दोन, काही रुग्णांचा एक्स-रे झालेलाच नसतो. ते एकूण तक्त्यात असतात आणि गटांच्या तक्त्यात नसतात. गटांच्या बेरजा एकूण संख्येशी जुळवून पाहिल्या की हे लगेच कळतं. या मुलीच्या बेरजा जुळल्या, टक्केही योग्य दिशेने घेतलेले होते आणि वाटा दोन्हीकडे अगदीच वेगळा होता. तिच्या केंद्रावर येणाऱ्यांत बहुसंख्य रुग्ण तीव्र होते. कारणही साधं होतं. ज्यांचा गुडघा जास्त खराब त्यांना ओपीडीतले डॉक्टर आवर्जून सांगत, "तुम्ही इथे येऊनच करा." ज्यांचं दुखणं हलकं त्यांच्या हातात व्यायामाचा कागद देऊन घरी पाठवत.

एक पूर्ण उदाहरण, छापून आलेलं

तिचे आकडे तिचे आहेत, ते इथे देत नाही. पण त्यांची घडण एका प्रसिद्ध अभ्यासासारखीच आहे, आणि चर्चा कशी लिहायची हे शिकायला त्या अभ्यासाहून बरं उदाहरण मला माहीत नाही. १९८६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चॅरिग आणि सहकाऱ्यांनी मूतखड्यांवरच्या उपचारांची तुलना छापली. त्यातल्या दोन पद्धती आपण घेऊ. एक खुली शस्त्रक्रिया आणि दुसरी पीसीएनएल, म्हणजे पाठीतून लहान छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढणं. प्रत्येक पद्धतीचे ३५० रुग्ण होते. खड्याचा आकार दोन सेंटिमीटरपेक्षा लहान की मोठा, यावरून दोन गट केलेले होते.

| | खुली शस्त्रक्रिया | पीसीएनएल |
|---|---|---|
| लहान खडे | ८७ पैकी ८१ यशस्वी (९३%) | २७० पैकी २३४ (८७%) |
| मोठे खडे | २६३ पैकी १९२ (७३%) | ८० पैकी ५५ (६९%) |
| एकूण | ३५० पैकी २७३ (७८%) | ३५० पैकी २८९ (८३%) |

लहान खड्यांत खुली शस्त्रक्रिया पुढे, मोठ्या खड्यांतही तीच पुढे, आणि एकूण ओळीत मात्र पीसीएनएल पुढे. आता टक्के बाजूला ठेवा आणि फक्त छेदातल्या संख्या पाहा. खुल्या शस्त्रक्रियेच्या ३५० रुग्णांपैकी २६३ जणांचे खडे मोठे होते, म्हणजे चारांत तीन. पीसीएनएलच्या ३५० पैकी फक्त ८० जणांचे, म्हणजे चारांत एकाहूनही कमी. आणि मोठा खडा कोणत्याही पद्धतीने काढायला अवघडच. त्यामुळे खुल्या शस्त्रक्रियेचा एकूण टक्का तिच्या ७३ या आकड्याकडे ओढला गेला आणि पीसीएनएलचा त्याच्या ८७ कडे. एकूण ओळीत आपण दोन पद्धती एकमेकींशी ताडून पाहतोय असं वाटतं. प्रत्यक्षात बरेचसे अवघड खडे बऱ्याचशा सोप्या खड्यांशी ताडले जात आहेत.

विद्यार्थ्यांना हे समजावताना मी एक गोष्ट नेहमी करून घेते. तक्त्यावरचे टक्के हाताने झाकायला सांगते आणि विचारते, "कोणाच्या वाट्याला अवघड काम जास्त आलं?" याचं उत्तर ज्याला छेदांवरून देता आलं, त्याला पुढचं सगळं समजतं. जो थेट टक्क्यांकडे वळतो, तो अडकतो.

तराजू सारखा करणं

आता चर्चेत लिहायला एक आकडा हवा. "गट वेगळे होते" एवढ्या विधानावर गाइड समाधानी होणार नाहीत आणि होऊही नयेत. दोन्ही पद्धतींना रुग्णांचं सारखंच मिश्रण मिळालं असतं तर काय झालं असतं, हे काढा. हा हिशोब कागदावर होतो.

दोन्ही पद्धतींचे मिळून लहान खड्यांचे ३५७ रुग्ण आणि मोठ्या खड्यांचे ३४३, एकूण ७००. हे मिश्रण दोघींनाही लावायचं. खुल्या शस्त्रक्रियेसाठी ३५७ ला ९३.१ ने आणि ३४३ ला ७३.० ने गुणून बेरीज करायची आणि ७०० ने भागायचं. उत्तर येतं ८३.३ टक्के. पीसीएनएलसाठी हेच ८६.७ आणि ६८.८ घेऊन केलं की ७७.९ टक्के येतात. कच्च्या तक्त्यात खुली शस्त्रक्रिया ७८ आणि पीसीएनएल ८३ होती. तराजू सारखा केल्यावर आकड्यांनी जवळजवळ जागाच बदलल्या. याला प्रमाणित दर म्हणतात, आणि चर्चेत सगळ्यात उपयोगी पडतो तो हाच आकडा, कारण वाचकाला तो लगेच कळतो.

परीक्षकांना ऑड्स रेशो लागतो. त्यासाठी मँटेल आणि हेन्झेल यांची १९५९ ची पद्धत वापरा. ती प्रत्येक गटातली तुलना गटाच्या आतच ठेवते आणि मग त्या तुलना एकत्र करते. आर वापरत असाल तर एवढंच लागतं:

```r
x <- array(c(81, 234, 6, 36,
             192, 55, 71, 25),
           dim = c(2, 2, 2))
mantelhaen.test(x)
```

आकड्यांचा क्रम नीट पाहा. प्रत्येक गटासाठी आधी दोन्ही पद्धतींचे यशस्वी रुग्ण, मग दोन्हींचे अयशस्वी. हा क्रम चुकला तरी आर कुरकुर न करता चुकीचं उत्तर देतो, म्हणून एका गटाचा ऑड्स रेशो हाताने काढून ताडून घ्या. लहान खड्यांचा ८१ × ३६ भागिले २३४ × ६, म्हणजे साधारण २.१. मोठ्यांचा १.२ च्या आसपास. एकत्रित उत्तर साधारण १.४५ येतं, म्हणजे खुल्या शस्त्रक्रियेच्या बाजूने. कच्चा ऑड्स रेशो ०.७५ होता, पीसीएनएलच्या बाजूने.

इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या १.४५ भोवतीचा ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण ०.९ ते २.३ असा आहे. त्यात १ येतो. कच्च्या ०.७५ भोवतीचा अंतरालही १ ला पोटात घेतो. म्हणजे या ७०० रुग्णांवरून कोणतीच पद्धत निश्चितपणे सरस ठरत नाही, ना कच्च्या हिशोबात ना सुधारलेल्या. पण ज्याला विरोधाभास सापडतो तो त्या आनंदात लिहून जातो की "खरं तर खुली शस्त्रक्रियाच श्रेष्ठ आहे." एक चुकीचा ठाम निष्कर्ष काढून टाकायचा आणि त्याच्या जागी दुसरा ठाम निष्कर्ष बसवायचा, याने काहीच साधत नाही. दिशा उलटली एवढं नक्की लिहा. सिद्ध झालं असं लिहू नका.

कोणत्या तक्त्यावर विश्वास ठेवायचा?

आतापर्यंत वाचून वाटेल की नियम सोपा आहे: गट पाडून पाहा, गटांचं उत्तर खरं माना. मीही पूर्वी असंच शिकवत असे. हा नियम चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे त्याच आकड्यांवरून दाखवता येतं.

वरचा तक्ता तसाच ठेवा, फक्त नावं बदला. समजा, रक्तदाबाची दोन औषधं आहेत, जुनं आणि नवं. रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन्हीकडे साडेतीनशे-साडेतीनशे वाटले. महिन्याभराने रक्तदाब आटोक्यात आला की नाही ते पाहिलं, आणि वर्षअखेरीस रुग्ण ठणठणीत आहे की नाही ते नोंदवलं. आता 'लहान खडे' या ओळीच्या जागी 'महिन्याभराने रक्तदाब आटोक्यात' असं लिहा आणि 'मोठे खडे' च्या जागी 'आटोक्यात नाही'. खुल्या शस्त्रक्रियेच्या जागी जुनं औषध, पीसीएनएलच्या जागी नवं. आकडा एकही बदलायचा नाही.

आटोक्यात आलेल्यांत जुनं औषध पुढे, ९३ विरुद्ध ८७. न आलेल्यांतही जुनंच पुढे. एकूण मात्र नवं पुढे, ८३ विरुद्ध ७८. यातलं कोणतं उत्तर खरं? इथे एकूण ओळ खरी आहे. नव्या औषधाने २७० जणांचा रक्तदाब आटोक्यात आणला, जुन्याने फक्त ८७ जणांचा. नव्या औषधाचा फायदाच मुळी त्या वाटेने येतोय. 'आटोक्यात आलेले' आणि 'न आलेले' असे वेगळे करून पाहणं म्हणजे तो फायदा आपल्या हाताने वजा करणं. शिवाय ते गट एकमेकांच्या तुलनेचेही उरत नाहीत. कमजोर औषधानेसुद्धा ज्या ८७ जणांचा रक्तदाब उतरला त्यांचा आजार मुळात हलका असणार. आणि जोरदार औषधानेही ज्या ८० जणांचा उतरला नाही, ते सगळ्यात चिवट रुग्ण असणार.

म्हणजे आकडे तेच, तक्ता तोच, आणि एकदा गटांचं उत्तर योग्य तर एकदा एकूण. कोणतं योग्य ते आकड्यांत लिहिलेलं नसतं. ते गट कसे तयार झाले त्यात असतं. कोणतंही सॉफ्टवेअर हे सांगणार नाही, कारण त्याला दोन्ही तक्ते सारखेच दिसतात. डेनिस लिंडली आणि मेल्विन नोव्हिक यांनी १९८१ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. विरोधाभासाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, हा मुद्दा मात्र फार थोड्या थिसिसांत दिसतो.

मग ठरवायचं कसं? मी विद्यार्थ्यांना मास्टर चार्ट उघडायला लावते आणि विचारते, "ज्या रकान्यावरून तू गट पाडलेस, तो रकाना कोणत्या तारखेला भरला? उपचार ठरायच्या आधी की नंतर?" एक्स-रे पहिल्या दिवशीचा, व्यायामाची पद्धत ठरण्याआधीचा. खड्याचा आकार शस्त्रक्रियेच्या आधीचा. महिन्यानंतरचा रक्तदाब मात्र नंतरचा. रकाना नंतर भरलेला असेल तर त्यावरून गट पाडून काढलेल्या तुलनेला उपचाराचा परिणाम म्हणू नका.

आधीची तारीख असली की काम झालं, असंही नाही. त्या गोष्टीमुळे रुग्णाचा उपचार ठरत होता का, आणि त्याच गोष्टीचा निकालावरही परिणाम होतो का, हे दोन्ही तुम्हाला सांगता आलं पाहिजे, आणि तेही वैद्यकीय कारणासह. खड्याच्या बाबतीत ते सांगता येतं. गुडघ्याच्या बाबतीतही येतं, कारण एक्स-रे पाहूनच डॉक्टर पद्धत सुचवत होते. पण मास्टर चार्टमध्ये चाळीस रकाने असतात, आणि एकेकावरून गट पाडत गेलात तर कुठेतरी निकाल उलटलेला सापडू शकतो. तो सापडला म्हणून त्याला अर्थ येत नाही. सिनॉप्सिसमध्ये ज्या गटांचा उल्लेख होता तेच आधी पाहा. नंतर सुचलेले गट असतील तर "हे गट विश्लेषणाच्या वेळी ठरवले" असं स्पष्ट लिहा.

नेरूळच्या मुलीच्या थिसिसमध्ये ही अडचण प्रत्यक्षात होती. तिने तक्ता ११ मध्ये आणखी एक विभागणी केली होती, ठरलेल्या सत्रांपैकी बहुतेक सत्रं पूर्ण केलेले आणि न केलेले. इथेही टक्के इकडेतिकडे झाले होते आणि तिला वाटत होतं की याचाही उल्लेख विरोधाभास म्हणूनच करावा. पण सत्रं पूर्ण होणं ही व्यायाम सुरू झाल्यानंतरची गोष्ट आहे. केंद्रावर कोणीतरी वाट पाहतंय म्हणून माणूस जातो, घरी कंटाळा येतो. म्हणजे उपस्थिती हा कदाचित केंद्राच्या परिणामाचाच भाग आहे. तिला मी सांगितलं की तक्ता ११ ठेव, पण फक्त कोणत्या पद्धतीत किती जणांनी सत्रं पूर्ण केली एवढंच त्यात दाखव. उपचारांची तुलना त्यात करू नकोस.

परिच्छेद कसा लिहायचा

थिसिस इंग्रजीत असतो, त्यामुळे शब्द तुमचे. आशय मराठीत देते, मूतखड्यांचंच उदाहरण घेऊन:

"एकूण यशाचं प्रमाण पीसीएनएलमध्ये ८३ टक्के आणि खुल्या शस्त्रक्रियेत ७८ टक्के होतं. मात्र लहान आणि मोठ्या, दोन्ही आकारांच्या खड्यांत खुल्या शस्त्रक्रियेचं प्रमाण जास्त होतं. खुल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपैकी ७५ टक्के आणि पीसीएनएलच्या रुग्णांपैकी २३ टक्के रुग्णांचे खडे मोठे होते, आणि मोठ्या खड्यांत दोन्ही पद्धतींचं यश कमी असल्यामुळे एकूण टक्क्यांची थेट तुलना करणं योग्य नाही. खड्याचा आकार उपचारापूर्वी ठरलेला असून पद्धतीच्या निवडीशी निगडित असल्याने आम्ही आकारानुसार सुधारलेली तुलना ग्राह्य धरली. दोन्ही पद्धतींना सारखंच मिश्रण लावल्यास यशाचं प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेत ८३ आणि पीसीएनएलमध्ये ७८ टक्के येतं. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चित म्हणता येत नाही."

पहिली दोन वाक्यं विरोध उघडपणे मांडतात, तो लपवत नाहीत. तिसरं त्याचं कारण आकड्यांसह देतं. चौथं वाक्य कोणता तक्ता मानला आणि का, हे सांगतं. गाइड आणि परीक्षक हे वाक्य शोधत असतात आणि बहुतेक थिसिसांत नेमकं तेच नसतं. शेवटची दोन सुधारलेला आकडा आणि त्याची मर्यादा सांगतात. "अधिक संशोधनाची गरज आहे" या वाक्याची जागाच उरत नाही.

यापुढे मर्यादांमध्ये एक वाक्य जोडायचं: आपण फक्त मोजलेल्या गोष्टीसाठी तराजू सारखा केला आहे. मूतखड्यांच्या अभ्यासातच पाहा. खुल्या शस्त्रक्रिया १९७२ ते १९८० मधल्या होत्या आणि पीसीएनएल १९८० ते १९८५ मधल्या. दोन वेगळे काळ, त्यामुळे भूल, तपासणीची साधनं, हाताळणारे हात हे सगळंही वेगळं असू शकतं. आकाराने गट पाडून यातलं काहीच दुरुस्त होत नाही. नेरूळच्या मुलीच्या अभ्यासात तीच जागा वयाने आणि वजनाने घेतली होती, कारण 'तीव्र' गटाच्या आतही केंद्रावर येणारे वयाने मोठे होते. तिने ते मर्यादांमध्ये लिहिलं.

आणखी एक, सारांशाबद्दल. चर्चा दुरुस्त करतात आणि सारांशात जुनाच एकूण टक्का राहून जातो. बहुतेक वाचक फक्त सारांश वाचतात, म्हणून तिथेही सुधारलेला आकडा गेलाच पाहिजे. जागा कमी असेल तर कच्चे टक्के कापा, सुधारलेले ठेवा. निकालांच्या प्रकरणात मात्र दोन्ही तक्ते जसेच्या तसे राहू द्या. गाइड म्हणाले "परस्परविरोधी आहे, एक काढून टाका", तर त्यांना छेदातल्या संख्यांची ओळ दाखवा. त्या मुलीने तेच केलं. तक्ता ५ च्या खाली तिने एक नवी ओळ घातली, 'उपचारपूर्व तीव्र रुग्णांचा वाटा', दोन्ही पद्धतींसाठी. गाइडनी ती ओळ वाचली, तक्ता ९ उलटून पाहिला आणि लाल गोल खोडला.